एका बाजूचा सल्ला

माणसाला दुःख झाले की तो ते कुणाला तरी सांगतो. बाई हापशीवर पाणी भरता भरता मैत्रिणीला सांगते. गडी पारावर किंवा पानठेल्यावर मित्राजवळ बोलतो. बोलल्याने मन हलके होते. यात गैर काही नाही. ज्याला सांगायला कुणीच नाही, तो आतल्या आत कुढत राहतो.

पण आपले सांगून झाले की ऐकणारा गप्प बसत नाही. तो सल्ला देतो. नवरा-बायकोचे भांडण असेल, तर सल्ला लवकर मिळतो आणि भरपूर मिळतो. कुणी म्हणते, "माहेरी निघून जा." कुणी म्हणते, "तिला डोक्यावर चढवू नको." हा सल्ला बहुधा मायेपोटी दिलेला असतो. तरी तो पुष्कळदा चुकतो. मित्र वाईट असतो म्हणून सल्ला चुकतो असे नाही. मित्राने एकच बाजू ऐकलेली असते, म्हणून तो चुकतो. हे कसे घडते आणि ते आधीच कसे ओळखावे, ते या पाठात पाहू.

एका घरातले भांडण

एक उदाहरण घेऊ. ही कुणा एका घराची हकिकत नव्हे. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात चिखलीकडे असो की मेहकरकडे, कोणत्याही गावात घडेल अशी ही गोष्ट आहे.

समजा, एक शेतकरी आहे. घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. चार एकर कोरडवाहू शेत. दिवाळीच्या तोंडावर त्याने सोयाबीन बाजारात नेले. हमाली, तोलाई जाऊन हातात 60,000 रुपये आले. घरी येऊन त्याने बायकोजवळ 45,000 रुपये दिले आणि म्हणाला, "एवढेच आले."

आठ दिवसांनी बायको कपडे धुवायला बसली. सदऱ्याच्या खिशात अडत्याची हिशोबपट्टी निघाली. तिच्यावर 60,000 चा आकडा होता. तिने विचारले, "बाकीचे पंधरा हजार कुठे गेले?" नवरा आधी गप्प राहिला. मग चिडून म्हणाला, "माझ्या खिशात हात घालायचं तुला काय काम?" दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी बायकोने मैत्रिणीला सांगितले, "साठ हजार आले अन् मले पंचेचाळीस सांगतले. पंधरा हजाराचं विचारलं, तं माह्यावरच ओरडले." मैत्रीण म्हणाली, "व माय! पंधरा हजार लपवले म्हणजे कायची तरी भानगड आहे. तू कायले सहन करतं? पोरीले घे अन् माहेरी जाय. येतीन मंग पाय धरत."

त्याच संध्याकाळी नवऱ्याने मित्राला सांगितले, "घरात माह्यावर पहारा आहे गड्या. खिसे तपासते, अन् हिशोब मागते." मित्र म्हणाला, "आताच आवर घाल. आज खिसा तपासला, उद्या घराची किल्ली मागीन."

आता नीट पाहा. बायको मैत्रिणीला एक शब्दही खोटे बोलली नाही. नवराही मित्राला खोटे बोलला नाही. दोघांचे बोलणे खरे होते. पण दोन्ही सल्ल्यांनी घर मोडायच्या वाटेला लागले असते.

काय सांगायचे राहिले?

नवऱ्याने मित्राला एक गोष्ट सांगितलीच नाही. आपण बायकोला खोटा आकडा सांगितला, हे त्याने गाळले. ते ऐकले असते, तर मित्राने कदाचित विचारले असते, "मग तिनं विचारलं यात तिचं काय चुकलं?"

ते पंधरा हजार गेले कुठे? दोन वर्षांपूर्वी मुलीला न्यूमोनिया झाला होता. तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात तिला पाच दिवस ठेवावे लागले. तेव्हा नवऱ्याने थोरल्या भावाकडून पैसे उसने घेतले होते. आता त्याने ते फेडले. पण बायकोचे आणि थोरल्या जावेचे पटत नव्हते. जावेच्या पैशावर आपली लेक बरी झाली, हे कळले तर बायकोला खाली मान घालावी लागेल, असे त्याला वाटले. म्हणून त्याने उसने घेताना सांगितले नाही आणि फेडतानाही सांगितले नाही.

बायकोकडूनही काही राहिले. दवाखान्याचे बिल कुणी भरले, हे तिने त्या वेळी विचारले होते. "झाली सोय" एवढेच उत्तर मिळाले होते. ही आठवण तिने मैत्रिणीला सांगितली नाही, कारण पंधरा हजारांशी तिचा संबंध असेल हे तिच्या मनातही आले नाही. दुसरे असे की, मृगाच्या वेळी तिने बचत गटातून उचललेले 5,000 रुपये आपल्या भावाला पेरणीसाठी दिले होते. तेही नवऱ्याला ठाऊक नव्हते. हे तिने मैत्रिणीजवळ काढले नाही. ते आठवायचे तिला काही कारणच नव्हते. त्या दिवशी तिच्या मनात एकच आकडा घुमत होता.

सगळे कळल्यावर नवऱ्याची चूक पुसली जाते काय? मुळीच नाही. त्याने बायकोला खोटे सांगितले आणि वर तिच्यावरच आवाज चढवला. तिला राग आला तो रास्तच होता. पण सगळे कळल्यावर सल्ला मात्र बदलतो. "माहेरी जा" याऐवजी "पट्टी दोघांच्या मध्ये ठेवा, पंधरा हजारांचा हिशोब त्याच्या तोंडून ऐका आणि पाच हजारांचा तूही सांग" असा सल्ला निघतो. चूक तीच राहते, पण तिच्यावरचा इलाज वेगळा होतो. एका बाजूच्या सल्ल्याचा खरा धोका हाच आहे. दुखणे खरे असते, पण औषध भलत्याच रोगाचे मिळते.

आपलेच आपल्याला जास्त का आठवते?

एखादा म्हणेल, "आम्ही सांगताना काही लपवत नाही. सगळे सांगतो." त्याचा हेतू चांगला असेल. पण माणसाची आठवणच एका बाजूला कललेली असते. याची एक परीक्षा झालेली आहे.

कॅनडा देशातील मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या दोन अभ्यासकांनी 1979 साली आपले काम प्रसिद्ध केले. त्यांनी काही नवरा-बायकोंना घरातल्या वीस गोष्टींची यादी दिली. स्वयंपाक, सफाई, मुलांचे करणे अशा त्या गोष्टी होत्या. प्रत्येकाला वेगळे बसवून विचारले, "यातला किती वाटा तुमचा?" मग दोघांच्या उत्तरांची बेरीज केली. खरे पाहता नवऱ्याचा आणि बायकोचा वाटा मिळून शंभर पैसे व्हायला हवेत. पण बहुतेक कामांत बेरीज शंभराच्या वर गेली. म्हणजे दोघांनाही आपला वाटा खऱ्यापेक्षा मोठा वाटत होता.

आता कुणी म्हणेल, माणसे बढाई मारतात, दुसरे काय! पण त्या यादीत भांडण उकरून काढणे अशाही गोष्टी होत्या. त्यातही माणसांनी आपला वाटा वाढवूनच सांगितला. म्हणून हा नुसता फुशारकीचा प्रश्न नव्हता. आपण केलेले आपल्या डोळ्यांपुढे असते, म्हणून ते चटकन आठवते. दुसऱ्याने केलेले आपण पाहिलेलेच नसते, किंवा पाहून विसरलेलो असतो. बायको पहाटे उठून चूल पेटवते तेव्हा नवरा झोपलेला असतो. नवरा रात्री लाइन आली म्हणून शेतात पाणी द्यायला जातो तेव्हा बायको झोपलेली असते. एकाचे जागरण दुसऱ्याला दिसत नाही.

म्हणून माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगायला बसला, तरी त्याच्या झोळीत आपल्या बाजूचे दाणे जास्त असतात. मैत्रिणीच्या ओच्यात तेच दाणे पडतात.

मैत्रिणीच्या वहीत जमेची बाजू नसते

आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

दुकानदाराच्या खातेवहीत दोन बाजू असतात. एक जमा आणि एक नावे. दोन्ही बाजू लिहिल्या तरच खाते खरे. आता विचार करा, तुमची मैत्रीण तुमच्या नवऱ्याचे खाते कसे लिहिते? तुम्ही तिच्याकडे केव्हा जाता? भांडण झाले की जाता. ज्या दिवशी नवऱ्याने बाजारातून तुमच्यासाठी आठवणीने काही आणले, तुमचे डोके दुखत होते म्हणून स्वतः भाकरी टाकली, त्या दिवशी तुम्ही मुद्दाम हापशीवर जाऊन हे सांगत नाही. भांडण मिटले तेही सांगायचे राहून जाते. दोघे हसून बोललात की तुमच्या मनातला राग विरतो. मैत्रिणीच्या वहीत मात्र तो तसाच लिहिलेला राहतो.

अशी पाच वर्षे गेली की तिच्या वहीत नुसते नावे नावे दिसते. जमेची बाजू कोरी. मग ती म्हणते, "तो माणूस कधीच सुधारायचा नाही." तिच्याजवळच्या वहीप्रमाणे ती बरोबर असते. तिला वहीच अर्धी मिळालेली असते, आणि ती अर्धी वही तुम्हीच तिला दिलेली असते.

हेच नवऱ्याच्या मित्राचे. त्याने वहिनींना दोन-चारदा चहा देताना पाहिलेले असते. बाकी सारे पानठेल्यावर ऐकलेले असते.

"मला ठाऊक आहे, मी एकच बाजू ऐकली"

शहाणा मित्र म्हणेल, "मी एकच बाजू ऐकली हे मला कळते. मी ते धरूनच सल्ला देतो." हे पुरेसे आहे काय? याचीही परीक्षा झाली आहे.

लायल ब्रेनर, डेरेक कोहलर आणि एमॉस ट्व्हर्स्की या तिघांनी 1996 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना कोर्टातल्या दाव्यांसारख्या हकिकती वाचायला दिल्या. काहींना फक्त वादीच्या वकिलाचे म्हणणे दिले. काहींना फक्त प्रतिवादीच्या वकिलाचे दिले. काहींना दोन्ही दिले. मग विचारले, "पंच कुणाच्या बाजूने निकाल देतील?"

एक बाजू वाचणाऱ्यांना हे स्पष्ट ठाऊक होते की दुसरी बाजू आपल्याला दिलेली नाही. दुसरी बाजू काय म्हणेल, याचा अंदाज करणेही कठीण नव्हते. तरी ते आपण वाचलेल्या बाजूकडेच झुकले. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, एकच बाजू वाचणाऱ्यांची खात्री जास्त होती आणि त्यांचा अंदाज मात्र जास्त चुकला. दोन्ही बाजू वाचणारे थोडे अडखळले, पण खऱ्याच्या जवळ गेले.

असे का व्हावे? एक बाजू ऐकली की गोष्ट सरळ आणि सोपी वाटते. कुठे गाठ नसते, कुठे अडथळा नसतो. दुसरी बाजू ऐकली की गुंता दिसतो आणि माणूस जपून बोलतो. म्हणून एक खूण लक्षात ठेवा. जो सल्ला फार लवकर आणि फार ठामपणे मिळाला, तो जास्त खरा असेल असे समजू नका. त्याच्यामागे माहिती कमी असण्याचा संभव अधिक.

त्या अभ्यासात एक उपायही सापडला. दोन्ही बाजूंचे बळ एकमेकांशी ताडून पाहा, असे सांगितल्यावर लोकांचा कल थोडा कमी झाला. पूर्ण गेला नाही, पण कमी झाला. शाळेतल्या मास्तरांना हा उपाय जुना ठाऊक आहे. दोन पोरे भांडली की जो आधी रडत येतो, त्याची फिर्याद आधी लागते. ज्याचा सदरा फाटला तो खरा वाटतो. दुसऱ्याला बोलावले की कळते, त्याची पाटी फुटलेली असते.

तीन तोंडे, पण साक्ष एकच

पुष्कळदा माणूस म्हणतो, "मी एकीलाच विचारले नाही. तिघींना विचारले. तिघीही म्हणाल्या, माहेरी जा." ऐकायला ही तीन मते वाटतात. पण तिघींनी कुणाचे ऐकले? तुमचेच. तिघींपैकी एकीनेही त्या दिवशी तुमच्या घरात काही पाहिले नाही. म्हणजे साक्ष एकच झाली. ती तीन तोंडांनी परत आली एवढेच. एकाच विहिरीचे पाणी तीन घागरींत भरले, म्हणून विहिरी तीन होत नाहीत.

शिवाय प्रत्येक सल्लागार आपल्या घरचे थोडे त्यात मिसळतो. जिचा स्वतःचा नवरा दारूपायी पैसा उडवतो, तिला लपवलेले पंधरा हजार दारूचेच दिसतात. ज्याची बायको भांडून गेली, त्याला प्रत्येक बायको जाणारच असे वाटते. ते खोटे बोलत नाहीत. ते आपल्या घराची गोष्ट तुमच्या घराला लावतात.

मित्राचे म्हणणे केव्हा खरे ठरते?

आता दुसरी बाजू पाहू. नाहीतर हा पाठही एका बाजूचाच होईल.

मित्रांचे मत नेहमी टाकाऊ नसते. कॅनडातल्या टारा मॅकडोनल्ड आणि मायकेल रॉस यांनी 1999 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या विद्यार्थ्यांची कुणाशी प्रीती जमली होती, त्यांना विचारले, "तुमचे हे नाते किती काळ टिकेल?" तोच प्रश्न त्यांच्या सोबत खोलीत राहणाऱ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना विचारला. प्रेमात असलेल्यांची खात्री जास्त होती, पण अंदाज मित्रांचे आणि आईवडिलांचे जास्त बरोबर आले. प्रेमात असलेल्यांनी नात्याचे गुणच तेवढे पाहिले होते. बाहेरच्यांना उणेही दिसत होते.

मग मित्राचे ऐकायचे की नाही? फरक असा करा. मित्र जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगतो, त्याला वजन द्या. तो जे तुमच्याकडून ऐकून तुम्हालाच परत सांगतो, त्याला वजन कमी द्या. "तू लग्न झाल्यापासून हसायची थांबलीस" असे मैत्रीण म्हणाली, तर ते तिने पाहिलेले आहे. त्यावर विचार करा. "त्याची कुठे तरी भानगड आहे" असे ती म्हणाली, तर तिला विचारा, "तू पाहिलंस, की माझ्या बोलण्यावरून काढलंस?"

जिथे थांबून चालत नाही

एका ठिकाणी मात्र वरचे सगळे बाजूला ठेवावे लागते. मारहाण होत असेल, जाळायची किंवा जीव घ्यायची धमकी असेल, हुंड्यासाठी छळ असेल, बाईला घरात कोंडून ठेवत असतील, तर "दुसरी बाजूही ऐकू" म्हणून बसून राहू नये. आधी जीव सुरक्षित करावा. दुसरी बाजू मागून ऐकता येते. मोडलेला हात मागे घेता येत नाही.

अशा वेळी काही जण म्हणतात, "टाळी एका हाताने वाजत नाही." ही म्हण बोलाचालीच्या भांडणाला लागू पडते. मार खाणाऱ्या बाईला ती ऐकवणे अन्याय आहे. आणि ध्यानात ठेवा, जो नवरा "तू मैत्रिणींशी बोलूच नको, त्या तुझे कान भरतात" असे म्हणून बायकोला सगळ्यांपासून तोडतो, त्याला दोन्ही बाजूंची काळजी नसते. त्याला बायकोची एकही साक्ष बाहेर जायला नको असते.

कायद्यानेही हाच विचार केला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा 2005 साली झाला. त्यात न्यायाधीशाला गरज वाटली, तर बाईच्या शपथेवरच्या अर्जावरून, दुसऱ्या पक्षाची वाट न पाहता, तो तात्पुरता हुकूम देऊ शकतो. पुढे दुसऱ्या पक्षाचेही ऐकले जाते. म्हणजे धोका असेल तेव्हा एका बाजूवर आधी संरक्षण, आणि शेवटचा निवाडा दोन्ही बाजू ऐकून. मदतीसाठी 181 हा महिलांचा आणि 112 हा तातडीचा दूरध्वनी क्रमांक आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिथे कोणत्याही बाईला वकील फुकट मिळू शकतो. तिची मिळकत किती, हे पाहिले जात नाही.

जाणती माणसे कसे ऐकतात?

ज्यांचे कामच नवरा-बायकोचे भांडण ऐकणे आहे, ते कसे ऐकतात ते पाहण्यासारखे आहे. मुंबईत 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तांच्या कचेरीत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्याच वर्षी कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. आपल्या राज्यात पुणे आणि मुंबई इथे 1989 साली अशी न्यायालये सुरू झाली. तिथे विवाह समुपदेशक असतात, म्हणजे समजूत घालून मार्ग काढणारी शिकलेली माणसे. 2007 साली आपल्या राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, तिच्यातही गावच्या समितीने दोन्ही पक्षांना बोलावून तंटा मिटवायचा, अशीच कल्पना होती.

समुपदेशक साधारणपणे आधी एकाला वेगळे बसवून ऐकतो. मग दुसऱ्याला वेगळे बसवून ऐकतो. वेगळे अशासाठी की, समोर नवरा किंवा सासू बसली असेल तर भिणारा माणूस खरे बोलत नाही. धोका नाही असे दिसले, तर मग दोघांना एकत्र बसवतो. तो "का केलेस" असे लगेच विचारत नाही. आधी काय घडले, केव्हा घडले, त्याच्या आधी काय झाले होते, असे विचारतो. आणि निकाल द्यायची घाई करत नाही. पहिल्या भेटीत त्याला पंधरा हजारच दिसतात. दवाखान्याचे बिल दुसऱ्या भेटीत निघते.

मित्र काही समुपदेशक नव्हे. त्याला दुसऱ्या पक्षाला बोलावता येत नाही. पण दोन प्रश्न तो सहज विचारू शकतो. पहिला, "यावर त्यांचं म्हणणं काय आहे?" दुसरा, "याच्या आधी काय झालं होतं?" आपल्या उदाहरणातल्या मैत्रिणीने पहिला प्रश्न विचारला असता, तर बायको म्हणाली असती, "त्यांनी काही सांगतलंच नाही." मग मैत्रिणीलाही कळले असते की, आपल्याजवळ सल्ला द्यायला पुरेसे काही नाही. ती म्हणाली असती, "आधी विचार तं खरं. रात्री पोरगी झोपली की विचार. अन् पंधरा हजार कोनाले देल्ले, एवढंच विचार." हा लहान सल्ला आहे. पण तो बरोबर आहे, कारण तो जे ठाऊक नाही तेच विचारायला सांगतो.

सांगणाऱ्यानेही एक करावे. मित्राकडे जाण्याआधी तीच गोष्ट एकदा दुसऱ्याच्या तोंडाने मनात सांगून पाहावी. बायकोने म्हणावे, "मी नवरा आहे. मी पैसे कमी सांगितले, कारण..." ते "कारण" सुचले नाही, तर समजावे की आपल्याला गोष्ट अर्धीच ठाऊक आहे. आणि भांडण मिटले की ज्याला भांडण सांगितले, त्याला ते मिटल्याचेही सांगावे. त्याच्या वहीतली जमेची बाजू आपल्याशिवाय कोण भरणार?

आपल्यात म्हणतात, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. नवरा-बायकोच्या बाबतीत या दोन्हींच्या मध्ये आणखी एक पायरी आहे. जनाचे ऐकावे, मग ज्याच्याबद्दल ऐकले त्याला विचारावे, आणि मग मनाचे करावे.

विचार करा

1. गोष्टीतली बायको खोटे बोलली काय? मग मैत्रिणीचा सल्ला का चुकला?

2. नवऱ्याने मित्राला कोणती गोष्ट सांगितली नाही? ती सांगितली असती, तर मित्र काय म्हणाला असता?

3. तुमच्या ओळखीच्या एखाद्या माणसाचे भांडण तुम्ही ऐकले आहे. त्या भांडणाच्या वहीत जमेची बाजू लिहायची झाली, तर तुम्हाला किती ओळी लिहिता येतील?

4. कोणत्या प्रसंगी दुसरी बाजू ऐकण्यासाठी थांबू नये? त्या वेळी कोणता क्रमांक फिरवावा?